पायात घालून न बघता घेतली जाणारी चप्पल

दुकानात आलेलं गिऱ्हाईक कोल्हापुरी चप्पल घेताना काय करतं, ते एकदा नीट पाहा. ते चप्पल उचलून वजन जोखतं, तळ वाकवून बघतं, वेणीवरून बोट फिरवतं, नाकाशी नेऊन वास घेतं. मग पायात घालून चार पावलं चालतं आणि विचारतं, "पुढं सैल होईल का हो?" तुम्ही सांगता, "आता जरा घट्टच घ्या, आठवडाभरात पायाचा आकार घेईल." त्या एका वाक्यावर सौदा ठरतो.

अॅमेझॉन, फ्लिपकार्ट किंवा एट्सीवर यातलं काहीच करता येत नाही. तिथं गिऱ्हाइकाच्या हाती फक्त सात-आठ फोटो आणि थोडा मजकूर असतो. तरीही बहुतेक कारागिरांच्या लिस्टिंगमध्ये काय लिहिलेलं दिसतं? "अस्सल, सुंदर, टिकाऊ, पारंपरिक हस्तकला." हे शब्द खोटे नाहीत, पण गिऱ्हाइकाच्या मनातल्या एकाही प्रश्नाला ते उत्तर देत नाहीत. मशीनवर रेग्झिनची चप्पल काढणाराही हेच चार शब्द लिहितो. मग स्वस्त कोण, एवढंच बघून गिऱ्हाईक ठरवतं आणि हातानं काम करणारा त्या शर्यतीत मागे पडतो.

म्हणून लेखन आणि फोटो यांची सुरुवात कॅमेऱ्यापासून करू नका, प्रश्नांपासून करा. एक वही घ्या. दुकानात, प्रदर्शनात, व्हॉट्सअॅपवर लोक जे विचारतात ते त्यांच्याच शब्दांत लिहा. परत आलेल्या जोडांबरोबर जे कारण नोंदवलेलं असतं, ते लिहा. मग दुसऱ्या विक्रेत्यांच्या कोल्हापुरी चपलांखालचे एक आणि दोन तारे दिलेले अभिप्राय वाचा. ते वाचायला तासभर लागतो, पण त्यातून जे कळतं ते कुठल्याच शिबिरात कळणार नाही. कोल्हापुरीच्या बाबतीत साधारण हेच प्रश्न पुन्हापुन्हा येतात: माप बरोबर येईल का, कातडं खरं आहे का आणि कशाचं आहे, फोटोतलाच रंग येईल का, पाय चावेल का, चालताना आवाज का येतो, वास का येतो, पावसात चालेल का. प्रत्येक प्रश्नापुढं लिहा, याचं उत्तर फोटो देईल की वाक्य देईल, की दोन्ही लागतील. ही यादी तयार झाली की फोटोंची आखणी आणि वर्णनाचा आराखडा अर्धा झालाच म्हणून समजा.

आधी माप

या सगळ्या प्रश्नांत सर्वांत महाग पडतो तो मापाचा. रंग थोडा वेगळा निघाला तर माणूस कधीकधी चालवून घेतो, पण पायात न बसणारी चप्पल परतच येते. जाण्या-येण्याचा खर्च, पुन्हा पॅकिंग, वापरून पाहिल्यामुळं तळावर उठलेले ओरखडे, हे सगळं कारागिराच्या माथी बसतं.

इथं एक हिशेब माहीत असावा. आपल्याकडं चालणारा जो ब्रिटिश पद्धतीचा नंबर आहे, त्यात एका नंबरातून पुढच्या नंबरात जाताना लांबी एक तृतीयांश इंचानं, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटरनं वाढते. म्हणजे गिऱ्हाइकानं पाय मोजताना आठ-नऊ मिलिमीटरची चूक केली, तर पूर्ण एक नंबर चुकला. अमेरिकेचा नंबर याहून वेगळा, युरोपचा त्याहून वेगळा. परदेशी विक्री करत असाल तर नुसता "८" लिहून भागणार नाही. पुरुषांचा आपला ८ म्हणजे अमेरिकेत साधारण ९ आणि युरोपात ४२ होतो. म्हणून नंबर द्याच, पण त्याच्या शेजारी सेंटिमीटर दिलेच पाहिजेत. सेंटिमीटर सगळीकडं सारखाच असतो.

आता सेंटिमीटर कशाचे? बहुतेक लोक तळाची लांबी लिहितात आणि गिऱ्हाईक ती आपल्या पावलाची लांबी समजतं. उघड्या चपलेत तळ पावलापेक्षा थोडा लांब असावाच लागतो. त्यामुळं दोन्ही आकडे वेगवेगळे लिहा: "तळाची लांबी इतकी" आणि "इतक्या लांबीच्या पावलाला बसते". हा दुसरा आकडा अंदाजानं लिहू नका. घरातल्या, शेजारच्या, ओळखीच्या माणसांची पावलं मोजा, त्यांच्या पायात तुमचा प्रत्येक नंबर घालून बघा आणि कुठल्या पावलाला कुठला नंबर नीट बसला, ते लिहून ठेवा. हाताच्या कामात प्रत्येक कारागिराचं माप थोडं वेगळं असतं. बाजारातला तयार तक्ता उचलून चिकटवला तर तो दुसऱ्याच्या चपलेचा तक्ता असतो.

कोल्हापुरीत आणखी एक गोष्ट आहे, ती बुटाच्या तक्त्यात कधीच येत नाही. पाऊल कुठं थांबणार हे अंगठा ठरवतो, म्हणजे पायाचा अंगठा ज्या कातडी कडीत जातो ती कडी. तळाची लांबी तीच, पण कडी अर्धा सेंटिमीटर पुढं-मागं बसली, तर एका जोडात टाच तळाच्या आत राहते आणि दुसऱ्यात मागं लोंबते. म्हणून टाचेच्या कडेपासून अंगठ्याच्या कडीपर्यंतचं अंतर मोजा. ते प्रत्येक नंबरासाठी कारखान्यात कायम ठेवा आणि मापाच्या चित्रात दाखवा. पट्ट्याचंही तसंच. कोल्हापुरीचा पट्टा बहुधा बकलानं कमी-जास्त करता येत नाही, त्यामुळं ज्याचं पाऊल वरून उंच किंवा पंज्यात रुंद आहे त्याला योग्य लांबीची चप्पलही आवळते. त्यांच्यासाठी एक स्पष्ट वाक्य हवं: "पाऊल रुंद किंवा वरून भरलेलं असेल तर एक नंबर मोठा घ्या." कापशीत तुमचा पट्टा पातळ असेल आणि पायताणात जाड व ताठ असेल, तर हे वाक्य दोन्हींसाठी सारखं असणार नाही. घालून बघूनच लिहा.

पाय कसा मोजायचा तेही गिऱ्हाइकाला सांगा, पण दोनच ओळींत. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं राहायचं, सर्वांत लांब बोटापुढं खूण करायची, भिंतीपासून खुणेपर्यंत मोजायचं, दोन्ही पाय मोजायचे आणि मोठा आकडा धरायचा. संध्याकाळी मोजावं, कारण दिवसभर चालून पाय थोडा फुगलेला असतो. बसून मोजू नये, अंगाचा भार पडला की पाऊल पसरतं.

फोटो आखताना

आता यादीतल्या प्रश्नांना फोटो वाटून द्या. पहिल्या फोटोचं काम बाकीच्यांपेक्षा वेगळं असतं. तो विकण्यासाठी नसतो, शोधाच्या पानावर बोट थांबवण्यासाठी असतो. मोबाइलवर तो दोन बोटांएवढा दिसतो आणि त्याच्या भोवती वीस तपकिरी चपला असतात. तेव्हा तो काढल्यावर मोठ्या पडद्यावर पाहून खूश होऊ नका. फोटो लहान करून, हात लांब धरून बघा. वेणी दिसते का? गोंडा दिसतो का? कान दिसतो का? ती कापशी आहे हे ओळखू येतं का? नुसता तपकिरी ठिपका दिसत असेल तर कोन बदला.

अॅमेझॉनवर मुख्य फोटोला शुद्ध पांढरी पार्श्वभूमी लागते, म्हणजे संगणकाच्या भाषेत लाल, हिरवा, निळा तिन्ही २५५. वस्तूनं चौकटीचा साधारण ८५ टक्के भाग व्यापलेला असावा, त्यावर मजकूर किंवा शिक्का नको. मोठं करून बघण्याची सोय मिळण्यासाठी लांब बाजू किमान १००० पिक्सेल लागते. पायताणांसाठी तिथं खास नियम आहे: एकाच पायाची चप्पल, जोड नव्हे, डावीकडं तोंड केलेली, ४५ अंशांच्या कोनात. कोल्हापुरीला हा कोन बरा पडतो, कारण तळाची जाडी, टाच आणि पट्टा एकाच वेळी दिसतात. सरळ वरून काढला तर आकार दिसतो, पण चप्पल कागदासारखी सपाट वाटते. एट्सीवर पांढऱ्या पार्श्वभूमीची सक्ती नाही. तिथं लाकडी पाटावर किंवा साध्या सुती कापडावर जोड ठेवून काढलेला फोटो जास्त शोभतो. फक्त चारी बाजूंना थोडी जागा सोडा, कारण छोट्या चौकटीत कडा कापल्या जातात आणि नेमका गोंडाच जातो. प्रत्येक ठिकाणचे नियम त्या त्या प्रकाराच्या मार्गदर्शक पानावर असतात. ते बदलत राहतात, म्हणून फोटो काढायला बसण्यापूर्वी एकदा वाचा.

मुख्य फोटोनंतर येतात उत्तरांचे फोटो. एकात चपलेचा वरचा भाग अगदी जवळून, प्रकाश एका बाजूनं आडवा येऊ देऊन. वेणीचा प्रत्येक पदर त्या आडव्या उजेडातच उठून दिसतो. समोरून फ्लॅश मारला की तीच वेणी छापल्यासारखी दिसते. दुसऱ्यात तळाची कड: कातड्याचे थर आणि त्यातून गेलेली वादीची शिलाई. माझ्या मते कोल्हापुरीच्या लिस्टिंगमधला हा सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत कामाचा फोटो आहे. खिळे न मारता कातडी वादीनं शिवलेला तळ नक्कल करणाऱ्याला दाखवता येत नाही. "अस्सल" हा शब्द दहा वेळा लिहून जे साधत नाही ते या एका फोटोनं साधतं. कड घासून गुळगुळीत केलेली असेल तर तीही दिसू द्या आणि शेजारी मोजपट्टी ठेवा, म्हणजे जाडी सांगावी लागत नाही.

मग पायातले फोटो, किमान दोन. एक बाजूनं, एक मागून. मागून काढलेल्या फोटोत टाचेच्या मागं तळ किती उरतो ते दिसलं पाहिजे, कारण "माप बरोबर" म्हणजे नेमकं कसं दिसतं हे कोल्हापुरी पहिल्यांदा घेणाऱ्याला माहीत नसतं. बुटाच्या सवयीनं तो एक नंबर मोठी मागवतो. पाय कुणाचा असावा? रोज चालणाऱ्या, कष्टाच्या माणसाचा, स्वच्छ धुतलेला. फोटोखाली लिहा: "पावलाची लांबी इतकी, नंबर इतका." ज्याचा पाय तेवढाच लांब आहे तो निश्चिंत होतो.

सहावा फोटो म्हणजे मापाचं चित्र. वरून काढलेला फोटो, त्यावर तीन रेषा: तळाची लांबी, पंज्यापाशी रुंदी, टाच ते अंगठ्याची कडी. शेजारी नंबरांचा तक्ता. अक्षरं मोबाइलवर न ताणता वाचता आली पाहिजेत. सहा-सात ओळींपेक्षा जास्त मजकूर त्यावर नको. सातवा फोटो वापरलेल्या जोडाचा घ्या, तुमच्या स्वतःच्या पायातल्या वर्षभर जुन्या जोडाचा. नव्या शेजारी जुना ठेवा. फिकट, न रंगवलेलं कातडं उन्हा-तेलानं कसं गडद होत जातं ते दिसलं, की पुढं "रंग बदलला" ही तक्रार येत नाही, उलट काहींना तेच आवडतं.

शक्य असेल तर दहा-पंधरा सेकंदांचा एक व्हिडिओ जोडा. हातानं तळ वाकवून सोडायचा आणि मग चार पावलं चालायचं, आवाज चालू ठेवून. कोल्हापुरीची करकर आपल्याकडं शान समजली जाते. तिची सवय नसलेला माणूस मात्र ती खराबी समजतो आणि चप्पल परत करतो. व्हिडिओत आवाज ऐकला आणि वर्णनात "काही जोडांना सुरुवातीला करकर आवाज येतो" असं वाचलं, की तो धक्का राहत नाही.

एका खिडकीत, एका मोबाइलवर

हे सगळं करायला स्टुडिओ लागत नाही. मोठी खिडकी लागते, जिच्यातून ऊन थेट येत नाही. खिडकीला पातळ पांढरा पडदा लावा. टेबलावर पांढरा मोठा कागद भिंतीवरून खाली गोल वळवून पसरवा, म्हणजे मागं रेघ दिसणार नाही. खिडकी डाव्या हाताला ठेवली तर उजव्या हाताला पांढरं थर्माकोल उभं करा, ते सावलीची बाजू उजळतं. आणि खोलीतली ट्यूब, बल्ब बंद करा. रंगाच्या तक्रारींचं मूळ बहुधा इथंच असतं: खिडकीचा उजेड निळसर, बल्बचा पिवळा. दोन्ही एकत्र पडले की कातड्याचा एक भाग मधासारखा आणि दुसरा राखेसारखा दिसतो, आणि मोबाइलला कुठला खरा ते कळत नाही.

चपलेच्या अगदी जवळ मोबाइल नेऊन फोटो काढू नका. जवळून रुंद लेन्सनं काढल्यास पुढचा भाग फुगतो, टाच बारीक होते आणि चपलेचा आकारच खोटा दिसतो. मीटरभर मागं या आणि दुप्पट झूम वापरा. मोबाइल तिवईवर ठेवा, तीन सेकंदांचा टायमर लावा. पांढरा कागद जास्त असला की कॅमेरा फसतो, पांढरं करडं करतो आणि कातडं काळपट. पडद्यावर चपलेवर बोट दाबून धरा, फोकस बांधला जाईल. मग उजेडाची पट्टी थोडी वर सरकवा, कागद पांढरा होईपर्यंत. वेणीचे पदर एकमेकांत मिसळायला लागले की थांबा. सौंदर्याचे फिल्टर बंद ठेवा. कातड्याला फोटोपुरतं तेल लावून चकचकीत करू नका. पेटी उघडल्यावर निघणारी चप्पल त्या फोटोतल्यासारखी नसेल.

रंग बरोबर आला की नाही ते ताडायला सोपी पद्धत आहे. त्याच खिडकीशी फोटो उघडलेला मोबाइल आणि खरी चप्पल शेजारी धरा. मग तोच फोटो घरातल्या दुसऱ्या, साध्या मोबाइलवर पाठवून पुन्हा धरा, कारण गिऱ्हाइकाचा मोबाइल कुठला असेल ते आपल्या हातात नाही. दोन्हीकडं जवळपास सारखं दिसलं तरच तो फोटो ठेवा. पार्श्वभूमी काढणाऱ्या अॅपवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. ती अॅप्स गोंड्याचे बारीक दोरे आणि वेणीतल्या फटी खाऊन टाकतात. फोटो मोठा करून कडा तपासा. गोंडा कात्रीनं कापल्यासारखा दिसत असेल तर तो भाग हातानं दुरुस्त करा किंवा फोटो नव्यानं काढा.

एका बैठकीत एकाच नंबराचे पाच-सहा प्रकार काढून घ्या, उजेड आणि कोन तेच ठेवून. वेगवेगळ्या दिवशी काढलेले फोटो एका दुकानात शेजारी आले की तीच चप्पल दोन रंगांची दिसते.

वर्णन: कुठलं वाक्य कुठं

शीर्षकात आधी तेच शब्द यावेत जे गिऱ्हाईक शोधताना टाइप करतं, आणि मग तुमची ओळख. पुरुषांची, कोल्हापुरी चप्पल, म्हशीचं कातडं, हातशिलाई, कापशी, रंग, असा क्रम ठेवा. मोबाइलवर शीर्षकाचा सुरुवातीचा भागच दिसतो, म्हणून तुमच्या दुकानाचं नाव पुढं टाकून ती जागा घालवू नका. परदेशात "कापशी" कुणी शोधत नाही; तिथं लोक कातडी सँडल, अंगठ्याची कडी असलेली सँडल, उन्हाळी सपाट सँडल असं शोधतात. एट्सीवर एका लिस्टिंगला १३ टॅग देता येतात आणि प्रत्येक टॅग जास्तीत जास्त २० अक्षरांचा. तेरापैकी दोन-तीन "कोल्हापुरी"च्या वेगवेगळ्या स्पेलिंगना द्या, बाकीचे अशा वर्णनात्मक शोधांना द्या. टॅगमध्ये तोच शब्द पुन्हापुन्हा घालून काही मिळत नाही.

वर्णनातली पहिली दोन वाक्यं सर्वांत महत्त्वाची, कारण पुढचं वाचायला "आणखी पाहा" दाबावं लागतं. तिथं इतिहास नको. समजा आपल्याकडं कापशीचा एक जोड आहे. आधीचं वर्णन असं असेल: "शतकांची परंपरा लाभलेली, कुशल कारागिरांनी प्रेमानं घडवलेली ही अस्सल कोल्हापुरी चप्पल तुमच्या व्यक्तिमत्त्वाला शोभा देईल." आता यादीतल्या प्रश्नांना उत्तर देत लिहा:

"म्हशीच्या कातड्याची, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेली, वादीनं शिवलेली कापशी चप्पल. तळात खिळा नाही. सुरुवातीला ताठ वाटेल, रोज तासभर घातली तर साधारण आठवड्यात पायाचा आकार घेते. म्हणून अगदी सैल नंबर घेऊ नका. ताज्या कातड्याचा आणि तेलाचा वास येतो, तो काही दिवसांत कमी होतो. पावसात आणि चिखलात वापरू नका. भिजली तर सावलीत वाळवा, उन्हात किंवा हीटरजवळ नको, कातडं तडकतं."

पहिल्या वर्णनातलं एकही वाक्य तपासून बघता येत नाही. दुसऱ्यातलं प्रत्येक वाक्य बघता येतं, आणि म्हणूनच त्यावर विश्वास बसतो. पण तुमच्या मालाबद्दल जे खरं आहे तेवढंच लिहा. तुमचं कातडं क्रोमनं कमावलेलं असेल तर बाभळीचं नाव घेऊ नका. तळात रबर लावलं असेल तर ते लिहा. शहरातल्या फरशीवर घसरू नये म्हणून कित्येकांना रबराचा तळच हवा असतो. कातडं कशाचं, हे लपवू नका. गिऱ्हाइकाला धर्माच्या किंवा आवडीच्या कारणानं ते माहीत असणं गरजेचं असतं, आणि ते न लिहिल्यानं ऑर्डर जातात.

"पावसात वापरू नका" असं लिहिल्यानं विक्री घटेल, ही भीती मला अनेक कारागिरांच्या बोलण्यात दिसते. ज्याला पावसाळी चप्पल हवी आहे त्याला ती विकून तुमचा फायदा नाही, तो महिन्याभरात एक तारा देऊन जाईल आणि तो तारा पुढच्या शंभर लोकांना दिसेल. हाताच्या कामातला फरकही याच ठिकाणी सांगा: "दोन जोडांच्या रंगछटेत आणि वेणीच्या ओढीत थोडा फरक असतो." पण हे वाक्य निष्काळजी कामाची ढाल म्हणून वापरू नका. एकाच जोडातल्या डाव्या-उजव्या चपलेच्या रंगात डोळ्याला दिसेल इतका फरक असेल, तर तो जोड पाठवायचाच नाही.

परंपरेची गोष्ट वर्णनाच्या शेवटी येऊ द्या, तीही तुमची स्वतःची. कुठलं गाव, कातडं कुठून येतं, कापणी कोण करतं, वेणी कोण घालतं, एका जोडाला किती वेळ लागतो. बऱ्याच घरांत वेणीचं काम बायका करतात, ते लिहा. भौगोलिक मानांकनाबद्दल मात्र जपून. कोल्हापुरी चपलेचं मानांकन महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजयपूर या आठ जिल्ह्यांसाठी आहे. १९९९ च्या कायद्याप्रमाणे त्याचं चिन्ह वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. ती असेल तर क्रमांकासह लिहा, नसेल तर चिन्ह छापू नका, गावाचं नाव लिहा. २०२५ मध्ये प्राडाच्या मिलानमधल्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या सँडल दिसल्या आणि मोठा वाद झाला. पण त्या कंपनीचं नाव शीर्षकात किंवा टॅगमध्ये घालून गिऱ्हाईक ओढू नका. दुसऱ्याच्या ब्रँडचं नाव वापरलं म्हणून लिस्टिंग काढून टाकली जाऊ शकते.

बदल उपयोगी पडला की नाही

लिस्टिंगच्या शंभर भेटींमागे किती जोड गेले, हा आकडा तुम्हाला मिळतो. अॅमेझॉनच्या विक्रेता पानावर बिझनेस रिपोर्टमध्ये तो `Unit Session Percentage` या नावानं असतो. एट्सीवर भेटी आणि ऑर्डर वेगळ्या दिसतात, भागाकार आपण करायचा. समजा महिन्यात ५०० भेटी झाल्या आणि ५ जोड गेले, तर तो एक टक्का.

मुख्य फोटो, शीर्षक, किंमत आणि वर्णन सगळं एकाच दिवशी बदललं तर काय उपयोगी पडलं ते कधीच कळणार नाही. एका वेळी एकच बदला, आणि बदलाआधी मोजल्या तेवढ्याच भेटी पुन्हा जमेपर्यंत थांबा. पहिल्या ५० भेटींत दोन जोड गेले म्हणून चार टक्के झाले असं धरू नका. इतक्या थोड्या आकड्यांत एक-दोन ऑर्डर निव्वळ योगायोगानं इकडच्या तिकडं होतात. सणाचे आणि लग्नसराईचे दिवस आधीच्या महिन्याशी ताडून बघू नका, मागच्या वर्षीच्या त्याच दिवसांशी बघा. पावसाळ्यात कोल्हापुरीची विक्री पडली तर दोष फोटोचा नसतो.

भेटीच कमी असतील तर वर्णन घासत बसून उपयोग नाही, अडचण शीर्षकात, टॅगमध्ये किंवा मुख्य फोटोत आहे. भेटी भरपूर आणि ऑर्डर नाहीत, तर गिऱ्हाइकाला आत येऊन उत्तर मिळालं नाही. बाकीचे फोटो, माप आणि किंमत बघा. ऑर्डर चांगल्या आणि परतीही जास्त, तर फोटो किंवा वर्णन खऱ्यापेक्षा वेगळं काही सांगतं आहे.

म्हणून नुसत्या ऑर्डर मोजू नका, टिकलेल्या ऑर्डर मोजा. समजा जुन्या वर्णनावर १० जोड गेले आणि ३ परत आले, तर हाती राहिले ७, शिवाय तीन परतींचा खर्च. मापाचं चित्र आणि "ताठ वाटेल, वास येईल" ही वाक्यं घातल्यावर ९ गेले आणि १ परत आला, तर हाती राहिले ८. टक्का खाली आला असं रिपोर्ट सांगेल, पण गल्ल्यात एक जोड जास्त आणि दोन परतींचा खर्च वाचला. परतीचं प्रत्येक कारण वहीत त्याच जुन्या यादीत नोंदवत राहा. "मोठी आली" असं एकाच नंबराबद्दल पुन्हापुन्हा येत असेल तर वर्णनाला हात लावण्याआधी त्या नंबराचं माप कापणीपासून तपासा. कधीकधी साचाच झिजलेला असतो. आणि कातड्याचा व्यापारी बदलला, कमावण्याची पद्धत बदलली किंवा नवा लॉट रंगाला गडद आला, तर त्या आठवड्यातच फोटो नव्यानं काढा, जुना लॉट संपायच्या आत.